मूळ प्रत

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं केळुसकर स्वतःला सांगत असत. पण ते खरं नव्हतं. राहून जायला आधी विसरावं लागतं आणि पत्र आल्यापासून अकरा दिवसांत एक तासही ते त्याला विसरले नव्हते. पोस्टमन आला तेव्हा सोसायटीच्या गेटवर उभं राहून त्यांनी सही केली आणि पाकिटावर वकिलाचा शिक्का पाहिला. वर येऊन त्यांनी ते उघडलं, एकदा वाचलं, घडी पूर्वीसारखी केली आणि शब्दकोशाच्या सर्वांत जाड खंडात दडवून ठेवलं. मग तो खंड फडताळाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवला. स्मिता असती तर म्हणाली असती, “अहो, भीती काय अशी पुस्तकात मिटून राहते?” पण तिला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि नेरूळच्या त्या दोन खोल्यांत त्यांना असं बोलणारं आता कुणी नव्हतं.

नोटीस दोघांच्या नावाने होती. गोजरा नाखवा, राहणार दिवाळे, मार्फत केळुसकर. आणि खुद्द श्यामसुंदर केळुसकर. ‘सागरझणक मसाले’ नावाच्या एका उद्योगाच्या वतीने वकिलाने लिहिलं होतं, की तुमच्या ‘गोजराचा कोळी मसाला’ या पाकिटावरचा मजकूर आमच्या अशिलांच्या संकेतस्थळावरून उचललेला आहे, त्यांचं संकेतस्थळ ऑक्टोबरपासून चालू आहे; सबब पंधरा दिवसांत विक्री थांबवा, छापलेली सगळी पाकिटं नष्ट करा, लेखी माफी मागा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही मार्ग आमच्या अशिलांना मोकळे आहेत. ‘फौजदारी’ या शब्दावर केळुसकरांचे डोळे थांबले होते ते अजून हललेले नव्हते.

आता पत्ता त्यांचा का, तर गावठाणात गोजराच्या घराला नंबर असा नव्हताच. नाखव्यांच्या विहिरीमागचं घर, एवढंच. पाकिटावर पत्ता लागतो असं कळल्यावर ती म्हणाली होती, “भाऊ, तुजाच टाक. तू तं कुठं जात नाय.” वीस वर्षं ती त्यांच्या दारावर मासळी घेऊन येत होती. स्मिताची ती मैत्रीण. त्यामुळे नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. तसं त्यांना कुणालाच नाही म्हणणं जमत नसे.

आणि त्यांचं नाव त्या पाकिटावर का, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

केळुसकरांनी गिरगावातल्या एका छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्यांची पुस्तकं, दुसऱ्यांची नावं. मुद्रितशोधकाचा एक धर्म असतो: डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे छापील कागद, आणि नजर दोहोंमध्ये येरझारा घालणार. मजकूर खरा की खोटा, चांगला की वाईट, हे आपलं काम नव्हे. मुळात आहे तसं उतरलंय ना, एवढंच पाहायचं. डिसेंबरात गोजराची नात प्रिया, कॉलेजात बीएमएसच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, एक कागद घेऊन आली. “आजोबा, आजीच्या पाकिटाचं मॅटर आहे. शुद्धलेखन बघता?”

केळुसकरांनी लाल पेन काढलं आणि सवयीने विचारलं, “मूळ प्रत कुठाय?”

प्रिया हसली. “मूळ प्रत नसतेच आजोबा. चॅटबॉटकडून करून घेतलंय. विचारलं की देतो.”

मूळ प्रत नाही हे ऐकून ते क्षणभर अडखळले. मग त्यांनी चार ऱ्हस्वदीर्घ सुधारले, एक अनुस्वार दिला, खाली तारीख घालून सही केली आणि कागद परत दिला. प्रियाने तिथेच बसून त्यावरून मोबाईलमध्ये दुरुस्त्या केल्या आणि कागद त्यांच्याकडेच राहिला. पाकीट छापून आलं तेव्हा त्यावर गोजराच्या फोटोखाली लिहिलेलं होतं – ‘शब्दांकन : श्यामसुंदर केळुसकर’. गोजराला वाटलं होतं, की भाऊंनीच लिहिलं. प्रियाने तिला ‘आजोबांनी केलंय’ एवढंच सांगितलं होतं. केळुसकरांनी ते नाव पाहिलं. अडतीस वर्षांत छापील कागदावर पहिल्यांदा. त्यांनी पाकीट खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं. बोलायला हवं होतं तेव्हा ते बोलले नाहीत, आणि ते न बोलणं आता वकिलाच्या शिक्क्याने परत आलं होतं.

या अकरा दिवसांत त्यांनी उत्तर चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी सुरुवात एकच: ‘सदर मजकूर मी स्वतः, माझ्या बुद्धीने लिहिलेला आहे.’ अक्षर सुरेख येई. वाक्य शुद्ध असे. पण त्यापुढे न जाता ते कागदाचे बारीक तुकडे करत. खोटं लिहावं तर पकडले जाऊ, खरं लिहावं तर गोजराचं पाकीट जाईल आणि आपण उघडे पडू. दारावरची बेल वाजली, की पोलीस असेल असं वाटे. दूधवाल्याला त्यांनी दोनदा दार उघडलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी बेल वाजली ती वाजतच राहिली.

“भाऊ! जिता हायस का नाय?”

त्यांनी दार उघडलं. गोजरा मासळीची पाटी जिन्याच्या कठड्यावर टेकवून उभी होती, कमरेला पदर खोचलेला. “चार दिस झाले, मासळी नको म्हनतोस. बोंबील नको, मांदेली नको. आजारी हायस?”

“नाही गं. जरा... पोट.”

“पोटाला काय झालं? चेहरा तं पापलेटासारखा पांढरा झालाय.” ती आत येऊन जमिनीवरच बसली आणि पिशवीतून मसाल्याचं पाकीट काढलं. “हे बघ. बेलापूरचा मेळा परवापासून हाय. बचत गटाला गाळा भेटलाय. पाचशे पाकिटं भरून ठेवल्यान सुनेनी. तिथं गिऱ्हाईक इचारणार, काय लिवलंय म्हनून. मना आपली अक्षरं लागत नाय. वाचून दाखव. पाठ करते.”

“तुला प्रियाने वाचून दाखवलं नव्हतं?”

“दाखवलं असंल. तवा मी डंकावर होते, मसाला कुटत. त्या धडधडीत कोन ऐकतो? हो हो म्हटलं.”

केळुसकरांनी पाकीट हातात घेतलं. ते वाचू लागले. “सात मिरच्या, सात लाटा आणि एका आजीचा हात. आमच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या हाच मसाला वाटला जातो. दर्याची खारट हवा आणि मायेची ऊब...”

“थांब,” गोजरा म्हणाली. “किती मिरच्या?”

“सात.”

“सात कुठल्या? बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी. चार. माज्या सासूच्या चार, माज्या चार. ह्यो सात कोनी घातल्या?” तिचा आवाज चढला. “नि वाटला जातो? मसाला वाटत नाय भाऊ, कुटतात. तुना माहीत नाय? वीस वरसं माजा मसाला खातोस! मेळ्यात माज्याच गावच्या बाया येनार. हे ऐकून तोंडावर हसतील.”

केळुसकरांनी पाकीट खाली ठेवलं. मग अचानक, आपण काय करतो आहोत हे नीट कळायच्या आधीच, ते उठले, खालच्या कप्प्यापाशी बसले, शब्दकोशाचा खंड ओढला आणि त्यातून ते पत्र काढून तिच्यासमोर ठेवलं.

“मी ते लिहिलेलंच नाही, गोजरा,” ते म्हणाले. “मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलं. आणि हे पत्र येऊन बारा दिवस झाले. मी घाबरलो.”

त्यांनी तिला पत्राचा अर्थ सांगितला. ‘नष्ट करा’ हे शब्द आले तेव्हा गोजराने भरलेलं पाकीट आपल्या मांडीवर घेतलं. बोटांवर काहीतरी मोजलं. ओरडली असती तर केळुसकरांना बरं वाटलं असतं.

“म्हनजे तीन दिस राह्यले,” ती शेवटी म्हणाली. “नि तू मना आज सांगतोस.” मग उठून दारातली पाटी आत घेत म्हणाली, “चल. चप्पल घाल.”

“कुठे?”

“वकिलाकडं. घाबरायचं तं तिथं जाऊन घाबरू.”

बेलापूरच्या सीबीडीत गीतांजली देशपांडे वकिली करत होती. केळुसकरांच्या सोसायटीतल्या देशपांड्यांची ती सून. जिन्यात भेटली की ‘काका, बरे ना?’ म्हणणारी. तिच्या ऑफिसच्या दारावर टकटक करायला केळुसकरांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. गोजराने दार ढकललं. गोजराचा फोन जाताच कॉलेज सोडून धावत आलेली प्रिया मागून आली. तिचा चेहरा केळुसकरांपेक्षाही उतरलेला होता.

गीतांजलीने नोटीस दोनदा वाचली, मोबाईलवर सागरझणकचं पान उघडलं, शेजारी पाकीट ठेवलं.

“पहिली दोन वाक्यं जवळजवळ तीच आहेत,” ती म्हणाली. “बाकी शब्द वेगळे, वळण तेच. काका, एक विचारते, खरं सांगा. हे त्यांच्याकडून घेतलंय?”

“नाही हो,” प्रिया मध्येच म्हणाली. “शप्पथ, ती साइट मी आज बघतेय. मी चॅटबॉटला सांगितलं, दिवाळ्याची कोळी आजी, घरचा मसाला, मिरच्या, इमोशनल लिही. त्यानं दिलं.”

“चॅट आहे अजून?”

प्रियाने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

“आहे की डिलीट केलंस?”

“आहे. पण... कालच डिलीट करणार होते.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्याच्यातच पुढे माझा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. ब्रँडिंगचा. तो पण त्यानेच लिहिला आणि मी खाली सही केली, की हे माझं स्वतःचं काम आहे म्हणून. हे कुणाला दाखवलं तर माझं वर्षच जाईल, मॅडम.”

केळुसकरांना वाटलं, उठावं आणि घरी जावं.

“आधी ऐक,” गीतांजली म्हणाली. “काहीही डिलीट करायचं नाही. तो चॅट आपला एकमेव साक्षीदार आहे. तारीख, तू काय विचारलंस, त्याने काय दिलं, सगळं त्यात आहे. उत्तराला मसाल्याचा भाग पुरेल, तुझा प्रोजेक्ट जोडायची गरज नाही. पण मूळ चॅट जसाच्या तसा राहू दे. पुढे कोर्टाने मागितला आणि तू पुसलेला निघाला, तर ते फार वाईट दिसतं.”

“पन तो मजकूर हाय कोनाचा?” गोजराने विचारलं. “पोरीचा का त्या यंत्राचा, का त्या सागरवाल्याचा?”

गीतांजलीने खुर्ची पुढे ओढली. “आजी, याचं एका शब्दात उत्तर आज कुणाकडेच नाही. आपल्या कायद्यात लिहिलंय, की कॉम्प्युटरने तयार झालेल्या मजकुराचा लेखक म्हणजे तो तयार करवून घेणारा माणूस. पण ते लिहिलं तेव्हा असे चॅटबॉट नव्हते. एक ओळ सांगितली आणि बाकी सगळं यंत्राने केलं, तर त्या माणसाला लेखक म्हणायचं का, यावर कोर्टाचा पक्का निकाल नाही. यंत्र स्वतः लेखक होत नाही, एवढं बहुतेक सगळे मानतात. आणि कॉपीराइट मिळायला माणसाचं काही कसब, काही निवड दिसावी लागते.”

“ॲपच्या नियमात लिहिलंय, आउटपुट तुमचं,” प्रिया म्हणाली.

“ते तुझ्यात आणि कंपनीत. कंपनी म्हणते, आमचा हक्क असला तर तो तुला दिला. त्याने जगाला बांधता येत नाही. खाली वाच, तिथे असंही असतं, की असंच उत्तर दुसऱ्यालाही मिळू शकतं.” तिने प्रियाकडे लॅपटॉप सरकवला. “नवीन चॅट उघड. तेच विचार.”

प्रियाने टाइप केलं. कोळी आजी, घरचा मसाला, मिरच्या, भावनिक. पडद्यावर अक्षरं उमटू लागली. केळुसकर चष्मा वर करून वाकले. ‘सात मिरच्यांचा रंग, सागराच्या लाटांचा सूर आणि आजीच्या हातांची...’

कुणाचाच हात नव्हता आणि तेच शब्द, थोडे कपडे बदलून, पुन्हा समोर येऊन उभे राहिले होते. आपण ज्याच्याखाली नाव मिरवलं ते हे.

“याने काही सिद्ध होत नाही,” गीतांजली म्हणाली आणि तिने स्क्रीनशॉट घेतला. “दर वेळी वेगळंही देईल. पण न पाहता दोन सारखे मजकूर होऊ शकतात, हे समजावता येतं. उल्लंघन म्हणायला नक्कल करावी लागते. दोघांनी आपापलं स्वतंत्र केलं असेल तर ती नक्कल नव्हे. फक्त त्यांचं पान आधीचं आहे, म्हणून आपल्याला आपला कागद दाखवावा लागेल. धोका नाहीच असं मी म्हणणार नाही.”

“माझ्याकडे एक कागद आहे,” केळुसकर हळूच म्हणाले. “मी तपासलेला. चार डिसेंबर. सही आहे.”

गीतांजलीने त्यांच्याकडे पाहिलं. “काका, हा कागद इतके दिवस कुठे होता?”

“शब्दकोशात. नोटिशीबरोबर.”

“बरं. आता खरी भीतीची गोष्ट. तुम्ही उत्तरात काय लिहिणार होता?”

केळुसकरांनी मान खाली घातली. “मी लिहिलं, असं.”

“ते गेलं असतं ना, तर ही केस तिथेच बुडाली असती. एक खोटं सापडलं, की बाकीचं खरंही कुणी ऐकत नाही.” मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली, “उत्तर तुम्हीच लिहा. मी तपासते. फक्त खरं लिहा आणि थोडं लिहा.”

“मी?”

“तुमचं नाव आहे ना पाकिटावर.”

गोजरा फसकन हसली. त्या सकाळचं ते पहिलं हसू. “लिव रं भाऊ. आता तरी लिव.”

परतताना रिक्षात प्रिया एकदम म्हणाली, “मी सरांना सांगणार आहे. प्रोजेक्टचं.” कुणी काही विचारलं नव्हतं. “मॅडमचं ऐकताना वाटलं, कॉपीराइट कुणाचा हा एक प्रश्न आणि माझं म्हणून सही केली हा वेगळा. पहिल्याचं उत्तर माझ्या बाजूने आलं तरी दुसरं खोटंच राहतं.”

“मारतील का सर?” गोजराने विचारलं.

“आजी, कॉलेजात मारत नाहीत. नापास करतात.”

“मंग बरं. मार तरी नाय.”

दुपारी केळुसकर जेवणाच्या टेबलाशी लिहायला बसले. गोजरा समोर बोंबील साफ करत बसली. आपण घरी गेलो तर भाऊ पुन्हा पुस्तकात लपेल, अशी तिला खात्री होती. त्यांनी लिहिलं: आमचे सर्व हक्क राखून हे उत्तर देत आहोत. पाकिटावरचा मजकूर चार डिसेंबरला वा त्याआधी चॅटबॉटच्या साहाय्याने तयार झाला. विचारलेला प्रश्न व मिळालेलं उत्तर सोबत जोडलं आहे. आपल्या अशिलांचं संकेतस्थळ आम्ही नोटीस येईपर्यंत पाहिलेलं नव्हतं. आम्ही नक्कल केलेली नाही. आपल्या अशिलांचा मजकूर कसा तयार झाला व त्यात त्यांचं स्वतःचं काय आहे, ते कृपया कळवावं.

इथे पेन थांबलं. पुढचं वाक्य त्यांनी तीनदा मनात म्हटलं.

‘त्या मजकुराचं शब्दांकन माझ्या नावे छापलं आहे. ते बरोबर नाही. मी तो फक्त तपासला.’

कुठल्यातरी ऑफिसात कुणी अनोळखी माणूस ते वाचेल आणि म्हणेल, म्हातारा उगाच नाव लावून बसला होता. म्हणू दे, असं त्यांना मनापासून वाटेना; पण कागद फाडला मात्र नाही.

“नि पाकिटांचं काय?” गोजराने विचारलं. “पाचशे हायत. जाळू?”

“जाळायचं नाही. गीतांजली म्हणाल्या, तो मजकूर झाकला तर भांडणाचं कारणच कमी होतं. वर स्टिकर लावू. नवा मजकूर छापून.”

“त्याच यंत्राकडून?”

“नाही.” केळुसकरांनी कोरा कागद ओढला. “तू सांग. मसाला कसा करतेस?”

“हे काय सांगायचं? चार मिरच्या. देठं काढायची, उन्हात तीन दिस. धने वेगळे भाजायचे, मिरचीत घालून भाजलंस तं कडू होतंय. हळकुंड फोडून घालायचं, पूड नाय. डंकावर बाईनं समोर बसायचं, नायतं ते दुसऱ्याचं मिसळतात. झालं.”

केळुसकर लिहीत गेले. एक शब्द सुधारावासा वाटला, ‘होतंय’च्या जागी ‘होते’. पेन त्या शब्दावर आलं आणि बाजूला झालं. डावीकडे गोजरा बोलत होती, उजवीकडे कागद होता. मूळ प्रत समोर बसून बोंबलाची डोकी कापत होती.

“खाली काय टाकू?” त्यांनी विचारलं. “सांगणार गोजरा नाखवा?”

“नि लिवनार तू.”

“ते आता खरं आहे,” ते म्हणाले.

गीतांजलीने संध्याकाळी उत्तर वाचलं, दोन शब्द बदलले आणि शब्दांकनाच्या ओळीवर थोडा वेळ थांबली. “वकील म्हणून मी ही ओळ कदाचित काढली असती,” ती म्हणाली. “राहू दे?”

“राहू दे,” केळुसकर म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परक्यासारखा वाटला.

तेराव्या दिवशी नेरूळच्या पोस्टात रांग होती. खिडकीतल्या बाईंना त्यांनी “रजिस्टर” म्हटलं. “रजिस्टर आता स्पीड पोस्टातच आलं काका,” त्या म्हणाल्या. “पोच पाहिजे?” पोच पाहिजे होती. केळुसकरांनी पाकीट पुढे केलं आणि ते त्यांच्या बोटांतून सुटेना. सागरझणकवाले ऐकतील की नाही, पुढचं पाकीट कोर्टाचं येईल का, मेळ्यात गोजराच्या गाळ्यावर कुणी येऊन उभं राहील का, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, “अंकल, चला ना.”

“पाठवणाऱ्याचं नाव?” बाईंनी विचारलं.

“गोजरा नाखवा,” ते म्हणाले, “आणि श्यामसुंदर केळुसकर.”

बाईंनी पाकीट ओढून घेतलं, वजनकाट्यावर ठेवलं, चिकटपट्टी लावली आणि मागच्या पोत्यात टाकलं.